बाळ पाच महिन्यांचं झालं आणि नवरा हरवल्यासारखा झालाय. हा थकवा की आजार?

सुदामानगरची_सून

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं करत चार दिवस गेले. आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मी, नवरा, सासूबाई आणि पाच महिन्यांचा मुलगा. नवरा पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. सकाळी सहाची कंपनीची बस, संध्याकाळी साडेसहाला परत.

बाळंतपणाला मी माहेरी उज्जैनला होते. तिथे तो दर रविवारी यायचा आणि बाळाला मांडीवर घेऊन तासन्‌तास बसायचा. तीन महिने झाल्यावर मी परत आले आणि पंधरा-वीस दिवसांतच काहीतरी बिनसलं. बसथांब्यावरून स्कूटर घेऊन तो साडेसहाला खाली येतो हे मला गॅलरीतून दिसतं. वर येतो सात वाजता. मधला अर्धा तास तो स्कूटरवरच बसलेला असतो, हेल्मेटसुद्धा न काढता. हातात फोनही नसतो. मी वरून हाक मारली तर दचकतो.

मागच्या आठवड्यात मी त्याला बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगितले. बाळाने तोंड फिरवलं, थेंब गालावर सांडले. त्याने ड्रॉपर भिंतीवर फेकला. बाळापासून लांब फेकला, पण फेकला. हा माणूस आजवर घरात आवाज चढवूनही बोललेला नाही. नंतर किती तरी वेळ ओट्याशी उभा राहून तो एकच ड्रॉपर धूत होता. रात्री म्हणाला, "याला बघून मला काहीच वाटत नाही. मी बाप म्हणून नापास आहे." रडला नाही. रडला असता तर मला कमी भीती वाटली असती.

बाईला बाळंतपणानंतर नैराश्य येतं हे ऐकून होते. बापाला येतं का? आणि येत असेल, तर दवाखान्याच्या एवढ्या फेऱ्यांत एकानेही त्याच्याकडे बघितलं कसं नाही?

जिरावण_जास्त

झोप होत नाही म्हणून चिडचिड. पहिलं वर्ष सगळ्यांचंच असं जातं. रविवारी बाळ आजीकडे द्या, दोघं सकाळी पोहे-जिलेबी खायला बाहेर पडा. मोकळं वाटेल त्याला.

मालविका_तिलकनगर

अगं, स्वतःला अजिबात दोष देऊ नकोस. मलाही दहाव्या दिवसापासून कारण नसताना रडू यायचं. आईने डिंकाचे लाडू आणि शतावरी कल्प सुरू केला, सव्वा महिन्यात ठीक झाले. तूही अंगावर दुखणं काढू नकोस.

सुदामानगरची_सून

मालविकाताई, प्रश्न माझा नाही गं, नवऱ्याचा आहे.

मालविका_तिलकनगर

अगं बाई! मी वाचतानाच धरून चालले की तुझंच आहे. आता परत वाचलं. त्याला तर लाडूही कुणी दिले नसतील.

रामबागचे_आजोबा

सूनबाई, रागावू नकोस, पण हे मला पटत नाही. आम्हाला तीन मुलं झाली. बाळंतिणीची काळजी घरातल्या बायका घ्यायच्या, बापाने पैसे आणायचे. बापाला कसलं आलंय नैराश्य? मुलाला जबाबदारीची सवय व्हायला वेळ लागतो एवढंच.

खिडकी_सात

मी एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात १९ वर्षं समुपदेशन करते. सूनबाई, बापाला येतं. २०१० साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी ४३ अभ्यास एकत्र करून तपासले, त्यांत अठ्ठावीस हजारांवर लोक होते. बायकोच्या गरोदरपणापासून बाळाच्या वाढदिवसापर्यंतच्या काळात साधारण १० टक्के बापांमध्ये नैराश्य सापडलं. सगळ्यात जास्त प्रमाण बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना होतं. त्या टप्प्यावरचे अभ्यास मोजके आहेत, म्हणून तिथला नेमका आकडा मी सांगत नाही. पण माझ्यासमोर येऊन बसणारे बापही बहुतेक याच महिन्यांतले असतात.

आता तुझा दुसरा प्रश्न. आशाताई घरी येते ती बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत. लसी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. त्यानंतर सरकारी कार्डावरची पुढची लस थेट नऊ महिन्यांची. म्हणजे साडेतीन महिन्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत लसीसाठी तुमच्या घराचं कुणाला कामच पडत नाही. बापाचा अवघड काळ नेमका त्याच फटीत येतो. त्यात आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. पहिले तीन महिने तुझा नवरा रविवारचा पाहुणा होता. रात्रीचं रडणं, दूध, बायकोचं दुखणं हे सगळं त्याच्या अंगावर एकदम पडलं, आणि तेव्हा सगळ्यांच्या मते बाळंतपण उरकलेलं होतं.

नर्मदेचं_पाणी

खिडकी सात ताई, एक दुरुस्ती. मी शहरी आशांच्या प्रशिक्षणात असते. ४२ दिवसांनंतरही तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात घरभेटी असतात. सगळीकडे नीट होत नाहीत, पण कार्यक्रमात आहेत.

खिडकी_सात

बरोबर, ते राहिलं, आभार. पण त्या भेटीत प्रश्न कोणते असतात ते तुम्हीच सांगा.

नर्मदेचं_पाणी

वजन, वरचा आहार, लोहाचं सिरप, हात धुणं. बापाबद्दल एकही नाही. शिवाय भेट होते दुपारी बारा-एकला. तेव्हा बाप कामावर.

औषधांची_बॅग

मी वीस वर्षं औषध कंपनीत आहे. यामागे शास्त्र आहे. बाप झाल्यावर पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन घसरतं. फिलिपिन्समधल्या सेबूला सहाशेच्या वर तरुणांवर अभ्यास झालाय, २०११ साली छापून आलाय. त्यामुळे उत्साह जातो. रक्त तपासा, पातळी कमी आली तर इंजेक्शन घ्या, महिन्यात फरक पडेल.

खिडकी_सात

अभ्यास खरा आहे, पण इंजेक्शनचा सल्ला घेऊ नका. ती घसरण रोग म्हणून मोजलेली नव्हती. ज्यांना मूल झालं त्यांच्यात ती सर्रास दिसली, आणि जे बाप रोज मुलाचं करत होते त्यांची पातळी आणखी कमी होती. मूल सांभाळणाऱ्या शरीरात होणारा तो बदल आहे. त्यातून नैराश्य येतं का, यावर अजून एकमत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं तर शुक्रजंतू बनणं कमी होतं किंवा थांबतं. दुसरं मूल हवं असलेल्या जोडप्याला हे आधी कुणी सांगत नाही. रक्त तपासायचंच तर थायरॉइड आणि बी-१२ बघा, शाकाहारी घरात खास. त्या दोन्हींच्या कमतरतेतही माणूस असाच मरगळलेला दिसतो.

औषधांची_बॅग

शुक्रजंतूंचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. इंजेक्शनचं मागे घेतो. बी-१२ बद्दल सहमत.

कंपनीची_बस

सूनबाई, तुमचं स्कूटरवरचं वाचलं आणि मला घाम फुटला. मी पण पीथमपूरलाच आहे. माझी मुलगी आता चार वर्षांची आहे. मी स्कूटरवर नाही बसायचो, मी ओव्हरटाइम मागून घ्यायचो. सुपरवायझर खूश, घरचे खूश, पोरीसाठी कमावतो म्हणून. खरं कारण म्हणजे घराच्या दारात पाय ठेवला की छातीत दगड बसल्यासारखं व्हायचं. चार महिने मी एकही रविवार घरी काढला नाही आणि सगळे माझं कौतुक करत होते.

तेव्हा माझी पाठ दुखायची. हाडाच्या डॉक्टरांकडे गेलो, एक्स-रे चांगला. पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो, गॅसच्या गोळ्या. कुणी विचारलं नाही की घरात लहान मूल आहे का. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी एका समुपदेशकाकडे पाठवलं. त्यांनी दहा प्रश्नांचा कागद दिला. मला वाटलं, बायकोसाठी असेल. वर लिहिलेलंही तसंच होतं, प्रसूतीनंतर वगैरे.

खिडकी_सात

बसवाले भाऊ, ती एडिनबरोची प्रश्नावली. १९८७ साली आयांसाठी बनवली होती, मागच्या सात दिवसांबद्दल विचारते. तुमचे गुण आठवतात का? चालणार असेल तर सांगा, सूनबाईंच्या नवऱ्याला उपयोग होईल.

कंपनीची_बस

आठवतात, कागद अजून आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३. हसू येतं का, २. पुढच्या गोष्टींची ओढ वाटते का, २. चुकलं की विनाकारण स्वतःला दोष, २. कारण नसताना काळजी, १. भीती, १. कामं अंगावर येतात, २. मन दुःखी असल्याने झोप नाही, १. उदास वाटतं, ०. रडू येतं, ०. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार, ०. एकूण ११.

खिडकी_सात

आता बघा हं. आयांसाठी आम्ही सहसा १३ आणि त्यावरचे गुण गंभीर धरतो. या हिशेबाने हे भाऊ पास झाले असते आणि घरी गेले असते. पण बापांवर जे अभ्यास झाले त्यांत रेघ खाली आली, साधारण १० च्या आसपास. काहींनी त्याहून खाली धरली. असं का, ते त्यांच्या शून्यांत दिसतं. उदास वाटतं का, शून्य. रडू येतं का, शून्य. आपला पुरुष या दोन जागी शून्यच लिहितो. काही जण लपवतात, पण बऱ्याच जणांना ते खरोखरच उदासी म्हणून जाणवत नाही. त्यांना राग जाणवतो, छातीतला दगड जाणवतो, पाठ जाणवते. आणि रागाबद्दल या दहांत एकही प्रश्न नाही.

म्हणून मी बापाला तीन गोष्टी वेगळ्या विचारते. पूर्वी ज्यावर हसून सोडून दिलं असतंत त्यावर आता भडकता का? घरी जायचं टाळायला कारणं शोधता का? दारू, तंबाखू किंवा फोन वाढलाय का? हे तुम्ही घरीही विचारू शकता, पण रागाच्या दुसऱ्या दिवशी नाही. तेव्हा ते फिर्यादीसारखं वाटतं.

ही प्रश्नावली म्हणजे चाळणी. ११ आले म्हणजे आजार ठरला असं नाही आणि ६ आले म्हणजे सुटलो असंही नाही. पण दहाव्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

जिरावण_जास्त

ताई, मग थकवा आणि हे, यात फरक कसा करायचा? मला स्वतःला पण आठ महिन्यांची मुलगी आहे, चिडचिड माझीही होते.

खिडकी_सात

एक साधी परीक्षा करा. सलग दोन रात्री पाच-पाच तास अखंड झोपायला मिळू दे, बाळ दुसऱ्याच्या हाती. थकलेला माणूस पडल्या पडल्या झोपतो आणि तिसऱ्या दिवशी पोरीचं बोळकं बघून हसतो. नैराश्यातला माणूस संधी मिळूनही छताकडे बघत पडतो, किंवा पहाटे साडेतीनला उठून बसतो, किंवा झोपून उठला तरी तसाच असतो. दुसरं म्हणजे काळ. वाईट दिवस सगळ्यांना येतात. दोन आठवडे जवळजवळ रोज असंच असेल आणि आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील तर दाखवायचं.

पण ही परीक्षा पक्की नाही. झोपेची वर्षभर मोडतोड झाली तर त्यातूनच नैराश्य सुरू होतं, म्हणून दोन्ही एकात एक गुंतलेले सापडतात.

जिरावण_जास्त

मी झोपतो, अगदी घोरत. आणि वर ते पोहे-जिलेबीचं जे लिहिलं ते नीट न वाचता लिहिलं, सूनबाई. माफ करा.

रामबागचे_आजोबा

काल रात्री हा धागा परत पहिल्यापासून वाचला. काही आठवलं ते लिहितो. थोरला झाला १९७९ साली. त्या वर्षी मी जेवण झालं की घराबाहेर पडायचो, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत चालत जायचो आणि तिथल्या पायऱ्यांवर बसायचो. अकरा वाजता परत. पाऊस असला तरी. आई म्हणायची, याला चालायचं वेड लागलंय. सहा-सात महिने असंच चाललं. मग आपोआप थांबलं. मला आजपर्यंत वाटायचं की घरात उकडायचं म्हणून जात होतो. पण सुरुवात डिसेंबरात झाली होती.

हिला काल विचारलं, तुला आठवतं का. म्हणाली, आठवतं की. मला वाटायचं मुलगा तुम्हाला आवडला नाही. शेहेचाळीस वर्षं तिने हे मनात ठेवलं. पहिला प्रतिसाद मी घाईत लिहिला, सूनबाई.

सुदामानगरची_सून

आजोबा, तुमचं वाचून सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, याचे वडील पण हा झाल्यावर वर्षभर दुकानातच झोपायचे.

पण आता माझी अडचण ऐका. नवऱ्याला म्हटलं डॉक्टरकडे जाऊ, तर म्हणतो, "बाणगंगेला नेणार का मला?" इंदूरवाल्यांना कळेल, तिथे मनोरुग्णालय आहे. लहानपणापासून चिडवायला तेच ऐकलंय, याला बाणगंगेला टाका.

कंपनीची_बस

मला पण हेच वाटलं होतं. माझ्या बायकोने युक्ती केली. ती म्हणाली, माझ्या पाठीचं दाखवायचंय, सोबत चल. तिथे गेल्यावर डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही कसे आहात? बस, एवढंच. मी चाळीस मिनिटं बोलत होतो.

मालविका_तिलकनगर

मला ही फसवाफसवी पटत नाही. आधीच तो स्वतःला नापास समजतो, त्यात बायकोने खोटं बोलून नेलं हे कळलं तर?

कंपनीची_बस

मालविकाताई, माझ्या बाबतीत चाललं. सगळ्यांच्या बाबतीत चालेल असं नाही म्हणत.

खिडकी_सात

मी मालविकाताईंच्या बाजूची आहे, पण बसवाल्यांचा मुद्दाही सोडू नका. बाप स्वतःसाठी येत नाही, बाळासाठी येतो. "तुला आजार आहे" म्हटलं की तो भिंत उभी करतो. "बाळाच्या डॉक्टरांनी आईबाप दोघांची झोप विचारायला सांगितलीये" म्हटलं की येतो. आणि ते खोटं होऊ नये म्हणून बालरोगतज्ज्ञांना आधीच फोन करून सांगा.

सुरुवात बाणगंगेपासून करायची गरज नाही, जवळच्या फॅमिली डॉक्टरांपासून करा. घराबाहेर पडायलाच तयार नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट, चोवीस तास. स्कूटरवर बसल्या बसल्या तो फोन करू शकतो. हे मी मनापासून लिहितेय, कारण तो अर्धा तास त्याच्या एकट्याचा आहे आणि हेल्मेट घातलेल्या माणसाशी कुणी बोलायला येत नाही.

औषध लागलं तर एक गोष्ट आधीच माहीत असू दे. नैराश्याची गोळी पहिल्या आठवड्यात काम करत नाही. दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, अस्वस्थपणा मात्र आधी येतो. दहाव्या दिवशी पुरुष म्हणतो, काही उपयोग नाही, आणि बंद करतो. किंवा दोन महिन्यांत बरं वाटलं की बंद करतो. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने घ्यावी लागते आणि डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते. सौम्य असेल तर नुसत्या बोलण्याच्या उपचारावरही बरेच जण सावरतात.

आणि सूनबाई, तुझं स्वतःचं काय? दोघांपैकी एकाला असेल तर दुसऱ्याला असण्याची शक्यता वाढते, हे त्याच ४३ अभ्यासांतही दिसलं. तू धाग्यात दहा वेळा त्याच्याबद्दल लिहिलंस. ते दहा प्रश्न तू पण सोडव.

सुदामानगरची_सून

(अठरा दिवसांनी)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. मी युक्ती केली नाही. हा धागाच त्याच्या हातात दिला आणि बाळाला घेऊन गॅलरीत गेले. आजोबांच्या पायऱ्या वाचताना तो थांबला होता, मला काचेतून दिसत होतं. मग आत येऊन म्हणाला, "प्रश्न कुठे आहेत?" त्याचे १४ आले. रडू येतं का याला त्याने आधी ० लिहिलं, मग खोडून १ केलं. दहावा शून्य.

माझे ९ आले. मला वाटलं होतं ३-४ येतील.

फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, बी-१२ खरंच फार कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू आहेत. पण ते म्हणाले, एवढ्याने भागणार नाही, आणि मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली. गोळी सुरू होऊन अकरा दिवस झाले. काल म्हणाला, काही फरक नाही, बंद करू का? मी खिडकी सात ताईंचा प्रतिसाद उघडून समोर धरला. रात्री दहा ते तीन सासूबाई बाळाजवळ झोपतात, तेवढा वेळ आम्ही दोघं दुसऱ्या खोलीत. साडेसहा ते सात अजून खालीच बसतो. परवा मी बाळाला घेऊन खाली गेले आणि शेजारच्या ओट्यावर बसले. त्याने हेल्मेट काढलं. बोललो काही नाही.

खिडकी_सात

अकरावा दिवस हाच सगळ्यात कच्चा असतो, गोळी सोडू नका. तुझ्या ९ कडे मी दुर्लक्ष करणार नाही. आयांसाठीही काही जण १० पासून लक्ष ठेवतात आणि तू काठावर आहेस. दोन आठवड्यांनी परत सोडव आणि वाढले तर तूही दाखव. त्याच्यासोबत तुझाही केसपेपर काढ.

औषधांची_बॅग

बी-१२ माझं बरोबर निघालं, पण तेवढंच. इंजेक्शनचं भलतंच सांगून बसलो होतो.

देवासनाका

पहिल्यांदाच लिहितोय, इतके दिवस नुसतं वाचत होतो. मुलगा अकरा महिन्यांचा आहे. तुमचं तीन ते सहा महिने वाचून वाटलं, माझं ते नसणार, माझी वेळ गेली. पण मी रोज रात्री गाडी कॉलनीच्या गेटबाहेर लावून बसतो. अकराव्या महिन्यात हे धरतात का?

खिडकी_सात

धरतात, भाऊ. वर्षभरात केव्हाही सुरू होऊ शकतं, आणि पाचव्या महिन्यात सुरू झालेलं अकराव्यापर्यंत तसंच राहिलेलंही मी पुष्कळ पाहिलंय. दहावा प्रश्न आत्ता वाचा आणि मला फक्त तेवढंच उत्तर द्या. मी इथेच आहे.